पहिला दिवस धरून

आमच्या शाळेच्या फाटकापासून एक्याण्णव मीटरवर, रस्त्यावर आडवी, एक पिवळी रेघ आहे. ती मी ओढलेली आहे. शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा नियम आला, तेव्हा मुख्याध्यापकांनी टेप माझ्या हातात दिली, कारण गणित मी शिकवतो. यार्डांचे मीटर केले, एक्याण्णव आणि वर थोडं निघालं. पानाची टपरी चौऱ्याण्णव मीटरवर होती. मला इतका आनंद झाला की रेघ थोडी जाडच ओढली गेली. त्यानंतर मधल्या सुट्टीत ती रेघ ओलांडून मी टपरीवर जायचो, उभ्या उभ्या तंबाखू मळायचो, बार भरायचो आणि रेघेच्या अलीकडं यायच्या आत थुंकून टाकायचो. शाळा तंबाखूमुक्त होती. मी फक्त शाळेत असताना तंबाखूमुक्त होतो.

धर्मापुरीच्या पलीकडं आमचं गाव. मी तिथल्याच जिल्हा परिषद शाळेवर गेली अकरा वर्षं आहे, आणि शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहतो. तंबाखू त्याच्याही आधीपासूनची. डी.एड.ला असताना परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून धरली, परीक्षा संपली आणि ती राहिली. वीस-बावीस वर्षांत मी तिच्याविषयी एवढी भाषणं दिली की तिला ऐकू येत असतं तर तीच मला सोडून गेली असती.

दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बायकोची दाढ दुखायला लागली, म्हणून तिला परळीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी दाढ बघितली, ती किरकोळ निघाली. मग गालाच्या आत बॅटरी धरून त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "ताई, मशेरी लावता?"

"दात घासते," बायको म्हणाली.

"कितीदा?"

"सकाळी. आन् संध्याकाळी. कधी दुपारी."

हिरडीला लागून, बोट जिथं फिरतं तिथं, पांढरा चट्टा होता. बाईंनी मग माझंही तोंड उघडायला लावलं. माझ्या खालच्या ओठाच्या आत, जिथं मी चुना-तंबाखू धरायचो, तिथं कातडी सुरकुतून पांढरी झाली होती. त्या दोघांनाही एकदमच म्हणाल्या, की हे आज वाईट नाही, पण उद्या होऊ शकतं. दोघांनीही आजपासून सगळं बंद करा, तीन आठवड्यांनी परत दाखवा. माझं बहुतेक आपोआप जाईल. ताईंचं गेलं नाही तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

तुकडा हा शब्द बायकोनं ऐकला आणि तोंड मिटलं. परळीहून गावापर्यंत जीपमध्ये ती एक शब्द बोलली नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागं आम्ही अर्धा तास अडकलो होतो, तेव्हाही नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "म्या नाही जाणार परत."

मी भाषण सुरू केलं. मला भाषणाची सवय आहे. तिनं ते मध्येच तोडलं.

"माझं एक बोट तुमाला दिसतंय. तुमी दिवसातून धा वेळा खाता त्याचं काय? आधी तुमी सोडून दाखवा. शंभर दिवस. शंभराव्या दिवशी म्या मिश्रीचा डबा उकिरड्यावर टाकते आन् तुमी म्हणाल त्या डॉक्टरकडं येते. तुकडा काढू द्या न्हाईतर मुंडकं."

तिच्या आवाजात भीती होती, आणि ती झाकायला तिनं मला पुढं केलं होतं, हे मला कळत होतं. पण कळून काय करणार. मी म्हणालो, मंजूर. आजपासून तंबाखू खायची नाही. माझे शब्द नेमके हेच होते. खायची नाही. पुढं सगळं त्या एका शब्दावर अडलं.

पहिल्याच दिवशी मोजण्यावरून वाद झाला. मी म्हणालो, सकाळी मी दोनदा खाल्लेली आहे, तेव्हा आजचा दिवस धरता येत नाही, उद्यापासून एक. बायको म्हणाली, "दहावा करताना मेलेला दिवस धरतेत का न्हाई?" धरतात. मग आजचाही धरायचा. मोजणीचे नियम गणितात वेगळे आणि गावात वेगळे असतात, आणि गावाचे नियम मोडायची माझी हिंमत नव्हती. शिवाय एक दिवस फुकट मिळत होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिनं त्या दिवशीच्या चौकोनात कुंकवाचं बोट टेकवलं.

दुसरा दिवस वाईट गेला. तिसरा त्याहून वाईट. डोकं ठणकत होतं, कुणाशी धड बोलता येत नव्हतं, पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज कानात खुपत होता. तल्लफ यायची, पाच-सात मिनिटं राहायची, जायची आणि लगेच परत यायची. शाळेमागच्या लिंबाखाली एक म्हातारा मेंढ्या घेऊन बसायचा. माझी आणि त्याची रोजची देवाणघेवाण होती. त्यानं सवयीनं मळली, तीन थापा मारून भुकटी उडवली आणि तळहात पुढं केला. मी मान हलवली. त्याचा हात तसाच पुढं राहिला.

"कावून? माझी चालत न्हाई का आता?"

"सोडली, बाबा."

"मग हातात काय धरून बसणार?" त्यानं विचारलं, आणि हा प्रश्न कुठल्याही परिपत्रकात नव्हता.

चौथ्या दिवशी पहाटे मी अंगणातल्या दगडावर बसलो होतो. तोंड रिकामं रिकामं वाटत होतं, हिरड्या शिवशिवत होत्या. बायकोचा मिश्रीचा, डॉक्टरीणबाईंच्या भाषेत मशेरीचा, डबा दगडाशेजारी होता. दात तर घासायचेच होते. मी एक बोट बुडवलं.

इथं मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मिश्री कशाची करतात हे आमच्या भागात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. बायको तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायची, तेव्हा निम्मी गल्ली खोकायची. त्या खोकणाऱ्यांत मीही असायचो. पण मिश्री कुणी खात नाही. मिश्री घासतात. तंबाखू खाणाऱ्याला व्यसनी म्हणतात आणि मिश्री लावणाऱ्या बाईला स्वच्छ. माझी आई लावायची, चुलत्या लावायच्या, आणि त्यांना तंबाखू खाता का असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी पायातली काढली असती. मी खायची नाही म्हणालो होतो, आणि खात नव्हतो.

त्या दिवशी डोकं उतरलं. मुलांचे पाढे गोड वाटले. मी मनाशी म्हणालो, तीन दिवस काढले की शरीर हार मानतं म्हणतात, ते खरंच आहे.

तिथून पुढं माझी दातांची काळजी वाढत गेली. सकाळी अर्धा तास. मधल्या सुट्टीत टपरीवर न जाता मी घरी यायला लागलो, जेवायचो आणि जेवणानंतर दात घासलेच पाहिजेत असं मुलांना सांगतो म्हणून घासायचो. शाळा सुटल्यावर एकदा. झोपताना एकदा. बायको दारात उभी राहून बघायची. पहिल्यांदा ती काहीतरी बोलायला आली होती, मला आठवतं. उंबऱ्यापर्यंत आली, डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि भांडी घासायला निघून गेली. मला वाटलं तिला कौतुक वाटलं असेल.

मुख्याध्यापकांनी विसाव्या दिवशी ही गोष्ट मनावर घेतली. तंबाखूमुक्त शाळेचे निकष भरताना त्यांना एक जिवंत उदाहरण हवं होतं. दर्शनी फळ्यावर पटसंख्या, उपस्थिती आणि सुविचार असतो. त्याच्या खाली त्यांनी नवी ओळ सुरू केली, 'आमचे गुरुजी तंबाखूमुक्त, दिवस २०'. रोज सकाळी तो आकडा बदलायचा. सोमवारी रविवारचा धरून दोन वाढायचे. फोटो केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर जायचा आणि खाली टाळ्या पडायच्या. त्यातल्या निम्म्या टाळ्या रेघेच्या पलीकडं उभं राहून वाजवलेल्या असत, हे मला माहीत होतं.

मी सल्ले द्यायला लागलो. हे सगळ्यात लाजिरवाणं आहे, म्हणून नीट सांगतो. लोक मला विचारायचे, गुरुजी, कसं जमलं, आम्हाला तर आठ दिवस निघत नाहीत. मी म्हणायचो, इच्छाशक्ती. माणसानं ठरवलं की होतं. मला तर तिसऱ्या दिवसानंतर तल्लफसुद्धा आली नाही. एक जण सोडायला लागून पंधराव्या दिवशी परत टपरीवर दिसला, तर त्याला मी चारचौघांत झापलं. तो बिचारा पंधरा दिवस खरे काढून आला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काय, मी तर पुढचा कोरडा पाषाणही नव्हतो. माझं तोंड दिवसभर ओलंच असायचं.

मधल्या काळात बायकोला मी दोन-तीनदा म्हणालो, तीन आठवडे होऊन गेले, बाईंनी बोलावलंय. ती म्हणायची, "शंभर म्हणलं हाय ना, शंभर." आणि कॅलेंडरवर बोट टेकवायची. तिचा चट्टा तिथंच होता. एकदा तिखट खाताना तिनं गाल धरलेला मी बघितला.  मग मी स्वतःला सांगितलं की आणखी चाळीसच दिवस, मी माझं काम चोख करतोय, आणि बाहेर जाऊन दात घासले.

शंभरावा दिवस फेब्रुवारीत आला. शाळेच्या मैदानात मंडप नव्हता, पण सतरंज्या होत्या आणि माईक होता. केंद्रप्रमुख आले. गालात बार धरलेला असल्यामुळं ते मान वर करून, मोजकंच बोलले, आणि सगळ्यांनी त्यांच्या मितभाषीपणाचं कौतुक केलं. मला शाल दिली, नारळ दिला. मी इच्छाशक्तीवर वीस मिनिटं बोललो. मग मुख्याध्यापकांनी सगळ्यांना उभं करून शपथ दिली. ते एक एक शब्द म्हणायचे, आणि मुलं, आया, बाप, मी, सगळे हात पुढं करून मागून म्हणायचे. मी बिडी. मी सिगारेट. मी गुटखा. मी मावा. मी मशेरी.

मशेरीला बायकांच्या बाजूनं हसू फुटलं. पदर तोंडावर गेले. मीही हसत तिकडं बघितलं. सगळ्या हसत होत्या, एक माझी बायको सोडून. ती माझ्याकडं बघत होती. भिंतीवर, तिच्या डोक्यामागं, तंबाखूजन्य पदार्थांची यादी रंगवलेली होती. रेघेतून उरलेल्या पिवळ्या रंगात ती मीच रंगवली होती, आणि 'मशेरी'ची वेलांटी चुकली म्हणून पुसून परत काढली होती. त्या शब्दावर माझा अर्धा तास गेला होता आणि मी तो वाचला नव्हता.

घरी आलो. शाल खुंटीला लावली. बायकोनं कॅलेंडरवर शंभरावं बोट टेकवलं आणि मिश्रीचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. मी म्हणालो, "चल, टाकू उकिरड्यावर."

"टाकू. आधी एक गणित सोडवा. तुमी सातवीला घालता तसलं." ती खाली बसली. "एक बाई मिश्रीचा एक डबा तीस दिवसांत संपवती. बाई आन् तिचा नवरा मिळून तोच डबा धा दिवसांत संपवतेत. तर नवरा एकटा डबा किती दिवसांत संपवील?"

काळ-काम-वेग. मी हे गणित शेकडो वेळा फळ्यावर सोडवलेलं आहे, त्यामुळं डोकं माझ्या परवानगीची वाट न बघता चालू झालं. एकदशांशातून एकतिसांश वजा, दोनतिसांश, म्हणजे एकपंधरांश.

"पंधरा," मी म्हणालो. आणि म्हणून झाल्यावर मला उत्तराचा अर्थ कळला. मी तिच्या दुप्पट घासत होतो.

"शंभर दिवसांत म्या धा वेळा पान भाजलं," ती म्हणाली. "पहिलं महिन्याला एकदा भाजायची. तुमी अंगणात बसून खोकत व्हता. एकदा तरी इचारलं का, एवढं कुणासाठी भाजतीस?"

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"चौथ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ती म्हणाली, "मला बरं वाटलं. तुमचे शंभर खोटे झाले तर मला डबा टाकावा लागणार न्हाई. डॉक्टरकडं जावं लागणार न्हाई. म्हणून म्या भाजत गेले आन् तुमाला पुरवत गेले. रोज बोट टेकवताना वाटायचं, आज सांगावं. पर भ्या वाटायचं त्या तुकड्याचं."

म्हणजे तीन महिने आम्ही दोघं एकाच डब्यात बोट घालून एकमेकांपासून लपत होतो. बाहेर फळ्यावर माझा आकडा वाढत होता, आणि आत तिचा चट्टा तिथंच होता. मी जर आता कबूल केलं की शंभर झाले नाहीत, तर तिची अट मोडत होती आणि ती डॉक्टरकडं न जायला मोकळी होती. आणि शंभर झाले म्हणावं, तर ती उत्तर तोंडी काढून बसली होती. मास्तराला एवढं अवघड गणित कुणी घातलं नव्हतं.

मी म्हणालो, "माझे शंभर झाले नाहीत. तुझी अट मोडली. आता तू नाही आलीस तरी मला काही म्हणता येणार नाही. पण मी उद्यापासून खरं सोडतोय. तू बरोबर येशील का?"

ती उठली. डबा उचलून मागच्या दारानं गेली, आणि परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

दुसऱ्या दिवसापासून मला कळलं की तंबाखू सोडणं म्हणजे काय असतं. चौथ्या दिवशी डोकं उतरलं नाही. आठव्या दिवशीही नाही. मी मुलांवर खेकसलो, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, आणि बायको माझ्याहून वाईट होती. तिनं दोन दिवस माझ्याशी, शेजारणीशी आणि म्हशीशी अबोला धरला. दोघांना एकदम तल्लफ आली की घरात उभं राहणं मुश्किल व्हायचं. मग आम्ही रानाच्या बाजूला चालत जायचो, तोंडात बडीशेप धरून, एकमेकांशी न बोलता, आणि तल्लफ गेली की परत यायचो. झोप उडाली होती. ज्याला चारचौघांत झापलं होतं, त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याला काही समजलं नाही. फळ्यावर मुख्याध्यापक आकडा वाढवतच होते. एकशे नऊ, एकशे दहा. ते थांबवायला मात्र मला धीर झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

तीन आठवडे झाल्यावर आम्ही परळीला गेलो. बायकोनं चांगलं लुगडं नेसलं होतं आणि जीपमध्ये माझा हात धरून ठेवला होता, जे तिनं लग्नानंतर कधी केलेलं मला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी कागद काढला.

"किती दिवस झाले बंद करून?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. "यांचे एकशे बावीस. माझे बावीस."

मी तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती.

"वा, गुरुजी," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. माझ्या ओठाची कातडी बघितली, ती साफ होत आली होती. चुना तर सुटलाच होता. मग बायकोचा गाल बघितला. चट्टा बराच फिका पडला होता, पण मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा राहिला होता. बाईंनी बॅटरी बंद केली. "एवढा तुकडा तपासायला पाठवू. घाबरू नका. पण ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही यांच्याबरोबर सोडलं असतं तर आज कदाचित एवढाही राहिला नसता. नवरा शंभर दिवस करून दाखवतो, आणि तुम्ही बघत बसलात?"

बायकोनं मान खाली घातली. "चुकलं, बाई," ती म्हणाली.

तुकड्याचा निकाल पुढं चांगला आला, हे इथंच सांगून टाकतो. उगाच कुणाला टांगून ठेवायची मला आवड नाही. पण त्या खोलीत त्या घडीला तो आलेला नव्हता, आणि ती माझ्या वाट्याचं बोलणं खात होती.

"बाई," मी म्हणालो, "माझेही बावीसच. आधीचे शंभर खोटे. मी हिच्याच डब्यातली मिश्री लावत होतो. हिच्या दुप्पट."

बाईंनी पेन थांबवलं. माझ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. मग एकशे बावीसमधल्या एकावर काट मारली. फक्त एका आकड्यावर. उरलेले दोन बरोबरच होते.

बाहेर पायरीवर आल्यावर बायको रागावली. "कावून सांगितलं? म्या घेतलं व्हतं ना माझ्यावर. आता शाळेत कळलं तर फळ्यावर काय लिहितेन?"

"उद्या मीच जाऊन पुसतो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. रस्त्यावरून वीजकेंद्राच्या राखेचे टँकर जात होते.

"आता शंभर व्हायला किती राहिले?" तिनं विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"पहिला दिवस धरून?"

"धरून," मी म्हणालो.